मामींची तोडी, आमची भैरवी

हिंदुस्थानी भैरवीचे स्वर दक्षिणेत गेले की त्यांना तोडी म्हणतात. आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळी होते. आणि तिकडे जिला भैरवी म्हणतात तिचा रिषभ शुद्ध, धैवत चढताना एक आणि उतरताना दुसरा. कोमल रिषभ नसलेली भैरवी म्हणजे आपल्या लेखी मैफल संपल्याची खूणच हरवली! नावांचा हा गोंधळ आमच्या माटुंग्याच्या इमारतीत दोन मजल्यांवर वाटून घेतलेला आहे. तिसऱ्या मजल्यावर माझी पेटी आणि पहिल्या मजल्यावर मामी.

मामी म्हणजे अख्ख्या इमारतीच्या मामी. संध्याकाळी त्यांच्याकडे मुलं गाणं शिकायला येतात, मांडीवर हाताने ताल धरून स्वरांचे पाठ घोकतात. आपल्याकडे पोराला पहिल्यांदा शुद्ध स्वर शिकवतात. मामींकडे सुरुवातच मायामाळवगौळ रागाने होते, म्हणजे आपल्या भैरव थाटाने. सात-आठ वर्षांची मुलं संध्याकाळी साडेसहाला भैरवाचे स्वर गाताहेत, हे आमच्या मजल्यावरच्या समयचक्राला जड जातं. मामींना त्याचं काही नाही. रागाला ठरावीक वेळ असते हे त्यांनी ऐकलेलं आहे, पण त्यांच्याकडे कच्छेरी संध्याकाळी असते, तेव्हा राग संध्याकाळचाच.

एकदा मी पेटीवर सा, मग कोमल रिषभ, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद असं सरळ वाजवलं आणि म्हटलं, "मामी, ही घ्या तुमची तोडी."

मामींनी चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, सूर सगळे बरोबर आहेत. पण तोडी कुठे आहे?"

मग त्यांनी फक्त गंधार गाऊन दाखवला. मी पेटीवर कोमल गंधाराची पट्टी दाबून धरली होती आणि मामींचा गळा त्या पट्टीच्या खाली-वर फिरत होता. रिषभाच्या जवळून निघून मध्यमाला शिवायचं, परत खाली यायचं, पुन्हा वर. गंधारावर उभं राहणं जवळजवळ नाहीच. पेटीच्या पट्टीवर तो गंधार येता-जाता दिसायचा आणि पुढे निघून जायचा. मध्येच कुणी त्यांना थांबवलं असतं तर हातात रिषभ सापडला असता किंवा मध्यम, गंधार क्वचितच. तरीही ऐकणाऱ्याला ऐकू येतो तो गंधारच, आणि तोही फक्त तोडीचाच गंधार. या हेलकाव्याला तिकडे कंपित म्हणतात. तोडीत निषाद आणि धैवतही असेच हलते असतात; सरळ उभे राहणारे म्हणजे षड्ज आणि पंचम, आणि पंचमाला तर पुष्कळ वेळा तोडीवाले टाळूनच पुढे जातात.

'गमक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर छातीतून घुमवून घेतलेली जोरकस तान येते. कर्नाटक संगीतात गमक हा स्वराच्या सगळ्या हालचालींचा सामाईक शब्द आहे आणि कंपित त्यातली एक. आपल्याकडेही स्वर हलवतात, पण जपून. दरबारीचा गंधार आंदोलित, भैरवाचे रिषभ-धैवत आंदोलित, असा मान काही रागांतल्या काही स्वरांना मिळतो. बाकीच्यांनी कण, मींड, खटका, मुरकी यांवर भागवायचं. भैरवीच्या गंधारावर गवय्या थांबला, तो नेमका लागला, तंबोऱ्यात मिसळला, की आपण 'वा' म्हणतो. किराणा घराण्याचं तर सगळं वैभवच लागलेल्या स्वरात. मामींच्या कानाला तोच थांबलेला गंधार अर्धवट वाटतो. कुणीतरी स्वराचं नाव घेतलं आणि स्वर गायचा विसरलं, तसं. आपल्याकडे हलणं हा अपवाद आहे, तिकडे न हलणं. बाकी अलंकारांची यादी कितीही लांबवली तरी मला हा एकच फरक पुरेसा वाटतो.

पेटी तिकडच्यांनी का घेतली नाही हेही यात आलंच. पट्टीला हेलकावा घेता येत नाही. व्हायोलिन मात्र त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हातोहात उचललं. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांच्याकडे त्याचं श्रेय जातं. तारेवर बोट घसरवलं की जारू, म्हणजे आपली मींड. बोट डोलवलं की कंपित. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं, की डावा हात घसरायला मोकळा.

आता हा गंधार कागदावर कसा लिहायचा? मामींची वही मी पाहिली. वर रागाचं नाव, त्याचा आरोह-अवरोह, तालाचं नाव, खाली स्वराक्षरं. ऱ्हस्व अक्षर म्हणजे एक मात्रा, दीर्घ म्हणजे दोन, पुढे स्वल्पविराम आला तर आणखी एक मात्रा थांबायचं, अर्धविराम आला तर दोन. अक्षरांवर आडवी रेघ आली की दुप्पट लय. तालाचा भाग संपला की एक दंड, आवर्तन संपलं की दोन. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. बस्स.

मी विचारलं, "मामी, कोमलची खूण?"

"कशाला? वर तोडी लिहिलंय की."

खरंच, खूण नव्हती. आपल्याकडे भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. प्रत्येक स्वर आपलं ओळखपत्र गळ्यात घालून हिंडतो. तिकडे रागाचं नाव दारावर लिहिलं की आतल्यांची चौकशी नाही. बहात्तर मेळांच्या व्यवस्थेत तोडी आठवी, तिचे स्वर ठरलेले. ते माहीत नसलेल्या माणसाने वही उघडायचीच कशाला, असा त्यामागे रास्त अहंकार आहे. आणि कंपिताची खूण? तीही मामींच्या वहीत नव्हती. नुसता 'ग' आणि पुढे स्वल्पविराम. जो गंधार गायला मामींच्या शिष्यांना वर्षं लागतात, तो कागदावर दीड अक्षराचा.

आपलं कागदी काम तुलनेने शिस्तीचं, असं मी मामींना सांगितलं आणि क्रमिक पुस्तकमालिकेचा एक भाग खाली नेऊन दाखवला. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील, आणि ते पानावरही जाणवतं. मात्रांचे विभाग पाडलेले, समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. मींड असेल तर दोन स्वरांवर कमान. कणस्वर डोक्यावर बारीक अक्षरात. मला सगळ्यांत आवडतो तो कंस. पंचम कंसात घातला की समजायचं: आधी वरचा धैवत, मग पंचम, मग खालचा मध्यम आणि पुन्हा पंचम, हे चारही एका मात्रेत झटकन. चार स्वरांचा खटका एका कंसात. एवढ्यावर आपण समाधानी राहिलो असतो, पण पलुस्करांची पद्धतही आहे. विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आपल्या वेगळ्या खुणा घातल्या. भातखंड्यांच्या पुस्तकात मध्यमावर उभी रेघ दिसली तर तो तीव्र मध्यम. पलुस्करांच्या पुस्तकात स्वरावर उभी रेघ म्हणजे तार सप्तक. भातखंड्यांकडे डोक्यावरचं टिंब तारसप्तकाचं, पलुस्करांकडे मंद्राचं. दोघेही मराठी, दोघांचंही नाव विष्णु. एका पुस्तकावर शिकून दुसरं उघडलं की गाणारा दोन सप्तकं चुकतो.

मामी पुस्तक चाळत म्हणाल्या, "एका रागाला एवढंच? ही अर्ध्या पानात संपली."

चीज खरंच अर्ध्या पानाची होती. स्थायीच्या दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन. मामींच्या वहीतली एक कृती मात्र पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् अशी पाच पानं चालली होती. पल्लवीची एकच ओळ सात-आठ वेळा लिहिलेली, दर वेळी थोडी फुलत गेलेली. त्यांना संगती म्हणतात आणि त्या ठरलेल्या क्रमाने गायच्या असतात.

इथे मला दोन्हीकडच्या कागदांचा स्वभाव कळायला लागला. भातखंड्यांनी स्वर अगदी बारकाईने नोंदला, पण मैफलीत जे होतं ते त्या अर्ध्या पानात येतच नाही. विलंबित एकतालाचं आवर्तन आजकाल मिनिटभर चालतं. त्यात स्थायीची ओळ एकदा गाऊन झाली की कागद संपला, आणि गवय्याला अजून अर्धा तास जायचाय. षड्जापासून एकेक स्वर उलगडत बढत करायची, बोलआलाप, ताना, सगळं कागदाबाहेर. मामींच्या वहीत मैफलीचा मोठा भाग लिहिलेला आहे, कारण त्यागराज-दीक्षितर-श्यामाशास्त्रींच्या रचना हाच तिथला मूळ ऐवज. पण त्या पाच पानांतल्या प्रत्येक स्वराची हालचाल कागदाबाहेर. आपण फुललेला राग लिहीत नाही, ते हललेला स्वर लिहीत नाहीत. दोघांनीही नेमकी कठीण गोष्टच गुरूच्या अंगावर टाकलेली आहे.

तो हललेला स्वर लिहायचा प्रयत्न झालाच नाही, असं मात्र नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले सुब्बराम दीक्षितर एट्टयपुरमला संस्थानात होते. त्यांनी 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ तेलुगूत लिहून 1904 साली छापला आणि त्यात गमकांच्या खुणा घातल्या. कंपिताला नागमोडी रेघ, वर चढणाऱ्या जारूला एका बाजूला कललेली तिरकी रेघ, उतरणाऱ्याला दुसऱ्या बाजूला, स्फुरिताला तीन टिंबांचा त्रिकोण. छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते त्यांनाच ठाऊक. आणि त्याच 1904 साली आपले भातखंडे दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले, एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितरांना भेटले. व्यंकटमखींच्या बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी समजून घेतली आणि पुढे हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट ठरवले. बहात्तरातून दहा घेतले, पण गमकाच्या खुणा घेतल्या नाहीत, याचं मला आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे त्यांना कामच नव्हतं.

शिवाय नागमोडी रेघ काढून तरी काय साधतं? स्वर किती खाली जातो, किती वर, एका मात्रेत किती हेलकावे, हे रेघ सांगत नाही. मामींनी ते तोडीतल्या आदि तालातल्या एका वर्णमवर दाखवलं. वर्णम म्हणजे शिकाऊ मुलांचा व्यायाम आणि मोठ्यांच्या कच्छेरीची सुरुवात. आदि तालाच्या आठ मात्रा त्या हातावर मोजत होत्या: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, पुन्हा टाळी आणि हात उलटा, टाळी आणि हात उलटा. पहिल्या लयीत एका लांब गंधारावर त्यांनी दोन हेलकावे दिले. मग तीच ओळ दुप्पट लयीत. मला वाटलं हेलकावेही दुप्पट वेगाने धावतील. मामींनी त्यातला एक गाळून टाकला आणि एकच ठेवला.

"दोन ठेवलेस तर गळा थरथरायला लागतो," त्या म्हणाल्या. "मग ती तोडी राहत नाही, थंडी वाजल्यासारखी होते."

त्यांच्या मुलांमध्ये एक चिमुरडी आहे, तिचं नेमकं हेच होतं. पहिल्या लयीत गोड गाते, दुसऱ्यात गंधार शहारतो. त्यावर मामींचा उपाय असा, की चार दिवस हेलकाव्याशिवाय सपाट स्वरांनी दुप्पट लय पक्की करायची आणि मग हेलकावा परत आणायचा. हे कुठल्याही पुस्तकात खुणेने लिहिता यायचं नाही.

मामींबरोबर षण्मुखानंदला कच्छेरी ऐकायला जाणं हे आता ठरूनच गेलं आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा अडीच तासांत कलाकाराने दहा-बारा रचना म्हटल्या आणि मला धाप लागली. आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन राग, एक ठुमरी आणि भैरवी होते. हा साचा फार जुना नाही. अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (1890–1967) यांनी तो बसवला, असं सगळे मानतात: सुरुवातीला वर्णम, मग चटपटीत लहान कृती, मग एक-दोन राग सविस्तर, त्यातला एक मुख्य, कधी रागम-तानम-पल्लवी, शेवटी तुक्कडा म्हणजे हलक्याफुलक्या चिजा आणि मंगळम्. अरियक्कुडींना श्रोत्यांची नाडी कळत होती. कुणाला विद्वत्ता हवी असते, कुणाला ओळखीचं गाणं, कुणाला शेवटची बस गाठायची असते. प्रत्येकाला काहीतरी घेऊन घरी जाता येतं.

पण माझ्या मते खरा फरक रचनांच्या संख्येत नाही. खयाल हा चाळीतला एका खोलीचा संसार आहे. बंदिश, आलाप, लयकारी, ताना सगळं त्याच तालाच्या त्याच खोलीत, एकातून दुसरं कधी सुरू झालं ते गवय्यालाही सांगता येणार नाही. कर्नाटकात प्रत्येक कामाला वेगळी खोली. आधी तालाशिवाय आलापना. ती झाली की व्हायोलिनवाला आपल्या वाट्याची आलापना वाजवतो. मग लिहिलेली कृती, लिहिल्याप्रमाणे. मग तिच्यातली एक ओळ घेऊन निरवल, म्हणजे शब्द तेच, मांडणी तेवढ्यास तेवढी, सूर नवे. मग कल्पनास्वर, म्हणजे सरगम, पण हिशोबाने. त्या हिशोबाच्या शेवटी मी सवयीने समेची वाट पाहत मान तयार ठेवली आणि माझी मान एकटीच हलली. सगळ्या सभागृहाने मान डोलावली ती पाऊण मात्रेनंतर, कारण ती कृतीच पाऊण मात्रा सोडून सुरू होत होती आणि कल्पनास्वर तिथेच येऊन मिळणार होते. मामी हातावर ताल धरून सगळं पाहत होत्या. तबल्याचा ठेका आपल्याला कायम सांगत असतो, तुम्ही कुठे आहात ते. मृदंग तसं सांगत नाही, तो गाण्याबरोबर बोलतो. तिथे श्रोत्यानेच हिशोब ठेवायचा असतो.

एवढ्या भिंती असूनही मधल्या दारांतून ये-जा चालूच राहिली. मिरजेत राहणारे अब्दुल करीम खाँ दक्षिणेत वारंवार जात, त्यांनी त्यागराजांच्या कृतींचं ध्वनिमुद्रण केलं आणि खयालात सरगम घ्यायची सवय तिकडूनच उचलली. भेंडीबाजारच्या अमान अली खाँनी हंसध्वनी इकडे आणला, तो आता आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याचं गाव कुणी विचारत नाही. तिकडच्या तुक्कड्यांत अभंग आले. अरुणा साईराम अभंग गातात तेव्हा षण्मुखानंदमधली तमिळ मंडळी टाळ्यांचा ठेका धरतात आणि मराठी मंडळींचे डोळे पुसायचे कार्यक्रम सुरू होतात. आणि आपली भैरवी? ती तिकडे सिंधुभैरवी या नावाने, तुक्कड्यांच्या रांगेत, अगदी शेवटाजवळ. एवढं फिरूनही तिची जागा सुटलेली नाही.

मामींच्या बाजूने मी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. मुख्य कृतीनंतर गायक हात जोडतो, मृदंगाकडे पाहतो आणि तनि आवर्तनम् सुरू होतं. मृदंग एकटा, मग घटम् किंवा खंजिरा, मग एकमेकांना उत्तरं, आवर्तनं कमी कमी करत दोघे एकत्र आणि शेवटी गायकाने कृतीची ओळ उचलायची. दहा-पंधरा मिनिटांचा हा भाग सुरू झाला की अर्धं सभागृह उठून कॉफीला जातं. चेन्नईला जातं आणि माटुंग्यालाही. मामी जागच्या हलत नाहीत. या मृदंगवाल्याने अडीच तास दुसऱ्याच्या गाण्याचा हिशोब सांभाळलेला असतो आणि आता पहिल्यांदा तो स्वतःचं बोलत असतो, तेही कुणाच्या वहीत नसलेलं. तेव्हा कर्नाटक कच्छेरीला गेलात तर तनि आवर्तनाला उठू नका, हाताच्या बोटांवर आदि तालाच्या आठ मात्रा मोजत बसा. कॉफी नंतरही मिळते, आणि त्या वेळी रांग नसते.